गांधीलमाशी चावल्यावरची सूज आणि जिवावर बेतणारी ॲलर्जी कशी ओळखायची?

"काल खानापूरकडे काजूच्या बागेत गांधीलमाशी मनगटाला चावली. आज सूज कोपरापर्यंत आलीय, हात गरम लागतोय. ही ॲलर्जी अंगभर पसरेल का? बेळगावला न्यावं का?"

सूज चावल्या जागेपासून सलग वर सरकली असेल आणि बाकी अंग ठणठणीत असेल, तर बेळगाव गाठायची घाई नाही. ही त्या जागेचीच मोठी प्रतिक्रिया आहे. ती दुसऱ्या दिवशी, कधी ४८ तासांपर्यंत वाढते आणि ओसरायला ५ ते १० दिवस घेते. हात लाल, गरम दिसतो म्हणून बरेचदा लगेच अँटिबायोटिक सुरू होतं, पण पहिल्या दोन दिवसांची लाली जंतूंमुळे क्वचितच असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका पुन्हा वाढला, ताप किंवा पू आला, तर मात्र दाखवा. आत्ता अंगठी-बांगड्या काढा, हात उशीवर उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा. खाजेला मोठ्या माणसाने दिवसातून एक सेट्रिझिन १० मिलिग्रॅम घेतली तरी पुरे. चुना लावू नका, त्याने सुजलेली कातडी भाजते.

खरा धोका चावल्या जागेपासून दूर दिसतो, आणि लवकर दिसतो: बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत. तुमचा एक दिवस उलटून गेलाय, म्हणून मी निर्धास्तपणे लिहितोय. याला एक अपवाद आहे. तोंडात किंवा घशात चावलं असेल, तर ॲलर्जी नसली तरी नुसत्या सुजेने श्वास अडतो. तिथे वाट पाहायची नाही.

धोक्याचं चित्र असं असतं. समजा, साठ किलोच्या माणसाला सकाळी १० वाजता मानेला माशी चावली. १०:१० ला तळहात-तळपाय खाजू लागले, पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठल्या. १०:१५ ला आवाज घोगरा झाला, गिळताना घसा आवळल्यासारखा वाटला, एक उलटी झाली. त्याच्या मानेवरची सूज कदाचित लिंबाएवढीसुद्धा नसेल. म्हणून सुजेच्या आकारावरून धोका मोजू नका. काहींच्या अंगावर गांधी उठतच नाहीत, थेट चक्कर येते किंवा छातीत घरघर सुरू होते.

अशा वेळी त्याला जागीच आडवा करा, पाय उंच करा. दम लागत असेल तर बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. पण "चल, गाडीपर्यंत चालत जाऊ" म्हणून उभा करू नका. रक्तदाब आधीच कोसळलेला असतो, उभं राहताच हृदयाकडे परतणारं रक्त आणखी कमी होतं आणि माणूस तिथेच जाऊ शकतो. १०८ ला फोन करा. पलीकडचा कन्नड बोलत असेल तर एवढं सांगा: "जेनुहुळ कच्चिदे, उसिराडलु कष्ट आगतिदे." म्हणजे माशी चावलीय, श्वास घ्यायला त्रास होतोय. रानातून गाडी यायला वेळ लागणार असेल, तर आडवं ठेवूनच जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. मोठ्या दवाखान्यासाठी पहिलं इंजेक्शन लांबवू नका.

ते इंजेक्शन म्हणजे ॲड्रेनालिन. मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलमधून मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. वीस किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा. गडबड होते ती इथे. पेशंटला एव्हिल आणि स्टेरॉइड देऊन बाकावर बसवून ठेवतात. एव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात, त्यामुळे घरच्यांना बरं वाटतं, पण आवळलेला घसा आणि पडलेला रक्तदाब एव्हिलने सुधारत नाही. स्टेरॉइडचा असर व्हायला काही तास लागतात. श्वासाचा त्रास किंवा चक्कर असेल, तर "डॉक्टर, मांडीत ॲड्रेनालिन दिलं का?" असं सरळ विचारा. यात त्यांचा अपमान नाही.

बरं वाटलं तरी निदान चार ते सहा तास, आजार जोराचा असेल तर रात्रभर, दवाखान्यातच थांबवा. काहींना पुन्हा माशी न चावताही तोच त्रास काही तासांनी उलटतो. अशा माणसाने पुढे ॲलर्जीच्या डॉक्टरला दाखवायलाच हवं. तुमच्यासारखा नुसता हात सुजणाऱ्याला पुढच्या वेळीही बहुधा हातच सुजतो.

आग्या मोहोळ उठून पन्नासेक डंख बसले असतील तर हा हिशोब लागू नाही. तिथे ॲलर्जी नसतानाही विषाचं प्रमाणच स्नायू आणि मूत्रपिंडांना मारतं. माणूस बोलत-चालत असला तरी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात भरती करा, आणि दोन-तीन दिवस लघवी कमी होतेय का, कोऱ्या चहासारखी काळपट होतेय का, यावर लक्ष ठेवा.