भाचीला कार्ड, आजीला शाल

भेट म्हणून वस्तू द्यावी की गिफ्ट कार्ड? भाची हॉस्टेलवर चालली असेल, तर तिला गिफ्ट कार्डच द्या. खोली केवढी, रूममेटने काय आणलंय, हे आपल्याला इथून कळत नाही. मी एकदा हौसेने इस्त्री धाडली, तर तिथे इस्त्रीला बंदी निघाली! आजीला मात्र शालच घ्या. कार्ड दिलं तर खरेदीला दुसऱ्यालाच पळावं लागतं.

नवखे दोन ठिकाणी चुकतात:
- कार्डाची मुदत बघत नाहीत.
- नुसता कोड व्हॉट्सॲपवर ढकलतात.

कोड कागदावर लिहा, खाली ‘पावसाआधी चांगली छत्री घे’ असं एखादं वाक्य. पाकीट लाडवांच्या डब्याला बाहेरून चिकटवा, आत ठेवलं की तूप लागतं. रक्कम छत्रीच्या किमतीहून थोडी जास्तच ठेवा, म्हणजे तिला पदरचे घालावे लागणार नाहीत.