खोटं न बोलावं लागणारा सोबती

"मॅडम, मैत्रिणीला रोज अभ्यासाचा हिशेब द्यायचा असं ठरवतो. पंधरा दिवस छान चालतं, मग दोघीही गप्प होतो. आमच्यातच जिद्द कमी आहे का?"

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी मुलं हे मला वारंवार विचारतात. मीनलनंही (नाव बदललं आहे) हेच विचारलं. ती आणि तिची रूममेट, दोघी राज्यसेवेच्या तयारीत. रात्री अकराला एकमेकींना अभ्यासाचे तास सांगायचे, चुकल्यास पन्नास रुपये दंड. तिसऱ्या आठवड्यात हे बंद पडलं.

"बंद पडायच्या आधी काय झालं होतं?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. "माझे चार तास झाले होते. मी नऊ सांगितले."

"चार सांगितले असते तर ती रागावली असती?"

"नाही हो. पण तिचे दहा झाले होते."

इथे मला गाठ सापडली. परीक्षा एकच, मोजमाप तासांचं. त्यामुळे रोजचा हिशेब म्हणजे रोजचा निकाल झाला होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विचार मी मानते: कृतीला गुण द्यावेत, माणसाला नाही. मीनल चार तासांवरून स्वतःला नापास करत होती. खोटं एकदा बोललं की दुसऱ्या दिवशी तोंड दाखवणं जड जातं. तिथूनच टाळाटाळ सुरू होते. जिद्दीचा इथे संबंध नव्हता. दंडही काढायला लावला, कारण पैसे दिले की चूक फिटल्यासारखी वाटते. इस्रायलमधल्या हायफातल्या पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला, तर उशीर उलट वाढला.

सोबती निवडताना मी एकच प्रश्न विचारते: "आज काहीच झालं नाही, हे तू कुणाला न घाबरता सांगशील?" जिवलग मैत्रीण बहुधा त्यात बसत नाही. मीनलला आठवली ती अभ्यासिकेत शेजारी बसणारी, सीएची तयारी करणारी मुलगी. शर्यत वेगळी, शिस्त सारखी.

दोघींना बसवून नियम लिहून घेतले. तास सांगायचे नाहीत. आदल्या रात्री ठरवलेलं काम झालं की नाही, तेवढंच. राज्यघटनेचं एक प्रकरण, चाळीस प्रश्न, असं मोजता येणारं. साडेनऊपर्यंत मेसेज. उत्तरात फक्त "वाचलं. उद्या पहिलं काय?" मागितल्याशिवाय सल्ला नाही, शाबासकीही नाही, कारण ती ज्या दिवशी मिळत नाही त्या दिवशी ते टोचतं. सलग दोन दिवस मेसेज नसेल तर पाच मिनिटांचा फोन, आणि त्यात दुसऱ्या दिवशीचं काम निम्म्यावर आणायचं. चार आठवड्यांनी दोघींनी बसून ठरवायचं. थांबायचं असेल तर कारण द्यावं लागणार नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण बाहेर पडायचं दार उघडं असेल तर माणूस गुपचूप पळत नाही.

झोप उडाली, रडू आवरेना, तर मात्र तो भार सोबत्यावर टाकायचा नाही. त्यासाठी माझ्याकडे यायचं, हेही लिहिलं.

एकोणिसाव्या दिवशीचा मेसेज मीनलनं मला दाखवला: "आज शून्य. दिवसभर झोपले." खाली उत्तर होतं, "वाचलं. उद्या पहिलं काय?"