ढगाळ दिवशी सोलर पॅनेल वीज कशी देतात?

प्रश्न: साताऱ्यात आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचे पॅनेल आहेत. जुलैत सूर्य दिसत नाही, तरी रोज तीन-चार युनिट कसे मिळतात? की काही बिघाड आहे?

उत्तर: बिघाड दिसत नाही. ढगातील जलकण प्रकाश पूर्णपणे शोषून घेत नाहीत, तर बराचसा चहूकडे विखुरतात. त्यामुळे थेट ऊन नसले तरी संपूर्ण आभाळातून पॅनेलवर प्रकाश पडत राहतो, आणि म्हणूनच अशा दिवशी पॅनेलच्या दिशेला फारसे महत्त्व उरत नाही.

पॅनेलची क्षमता प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाशावर मोजलेली असते. दाट ढगांत दुपारी २०० वॅट प्रकाश मिळाला, तर ३ किलोवॅटच्या संचातून साधारण ५०० ते ६०० वॅट येतात.

इन्व्हर्टरवर डीसी व्होल्टेज आणि करंट अवश्य पाहा. प्रकाश घटला की करंट त्याच प्रमाणात घटतो, व्होल्टेज मात्र थोडेच उतरते. व्होल्टेजच उन्हाळ्यातल्यापेक्षा एखाद्या पॅनेलइतके कमी दिसले, तर ढगांना दोष न देता जोडण्या आणि पॅनेलचा बंद पडलेला भाग वगळून करंट पुढे नेणारे बायपास डायोड तपासून घ्यावेत.