काम दिल्याचं एलओए पत्र नेमकं कधी पाठवलं, यावरच तुमची ईएमडीची अनामत अडकलीय

प्रश्न: "वकीलसाहेब, सरकारी बिल्डिंगच्या रिपेअरिंगचं टेंडर भरलं होतं, ईएमडी २,८०,००० रुपये. बिड भरायची शेवटची तारीख ८ जानेवारी २०२५ होती, टेक्निकल १३ जानेवारीला उघडलं, माझा रेट सगळ्यात कमी, मी एलवन आलो. मग चार महिने काहीच नाही. एलओए वर तारीख ७ मे आहे पण मेल मला ९ मेला संध्याकाळी आला. तोपर्यंत मटेरियलचे रेट वाढले म्हणून १५ मेला लिहून दिलं की परवडत नाही, काम करणार नाही. १० जूनला ईएमडी जप्त केल्याचं पत्र आलं. त्यांचं नुकसान काहीच नाही, री-टेंडर करून माझ्यापेक्षा कमी रेटने काम दिलंय. पाच अर्ज दिले, उत्तर नाही. बिडची व्हॅलिडिटी १२० दिवस होती एवढं आठवतंय. मध्ये एक मेल आला होता, त्याला बहुतेक ओके म्हटलं होतं. पैसे मिळतील का?"

उत्तर: नुकसान झालं नाही हा मुद्दा तुम्ही पाचही अर्जात पहिला लिहिला असणार, ईएमडीचे प्रश्न विचारणारे जवळपास सगळे तेच लिहितात. तो आत्ता बाजूला ठेवा. तुमचं प्रकरण "व्हॅलिडिटी १२० दिवस" या ओळीवर उभं आहे आणि तुम्हाला त्यातलं फक्त १२० आठवतंय. १२० दिवस कधीपासून, ते नाही आठवत. सगळा खेळ त्या "पासून"चा आहे.

हिशोब करून बघा, पहिला दिवस धरायचा नाही. क्लॉजमध्ये "बिड सादर करण्याच्या शेवटच्या तारखेपासून" असेल तर ८ जानेवारीपासून १२० दिवस ८ मेला संपतात. "बिड उघडल्याच्या तारखेपासून" असेल आणि ते उघडणं म्हणजे टेक्निकल धरलं तर १३ मेला संपतात. मेल आला ९ मेला, म्हणजे पहिल्या हिशोबाने एक दिवस उशिरा आणि दुसऱ्या हिशोबाने चार दिवस आधी. आणि क्लॉजमध्ये फायनान्शियल बिड उघडल्यापासून असं लिहिलं असेल तर तारीख अजून पुढे जाईल, मग हा रस्ता बंद. शुद्धिपत्रकं पण सगळी काढा, शेवटची तारीख मध्ये वाढवलेली असते आणि लोक जुनीच धरून बसतात.

हे एवढं महत्त्वाचं का, तर बिड हा तुमचा प्रस्ताव आहे आणि करार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे ठरलेल्या मुदतीत स्वीकारला नाही तर प्रस्ताव आपोआप संपतो. संपलेला प्रस्ताव स्वीकारून करार होत नाही, आणि करारच नाही तर काम नाकारलं म्हणून ईएमडी कशी जप्त करणार. तुम्ही १५ मेच्या पत्रात मुदतीचा शब्द काढला नाही, रेटचं कारण दिलं, ते चुकलंच, विभागाचा वकील ते पत्र पहिलं दाखवेल. पण मुदत संपणं तुमच्या पत्रावर अवलंबून नसतं म्हणून एवढ्यावरून मी केस हरलेली धरणार नाही.

आता विभाग म्हणणार की एलओए ७ मेचं आहे, म्हणजे मुदतीतच. इथे घाबरू नका. पत्रावर कुठली तारीख टाइप केली याने काही होत नाही, कलम ४ प्रमाणे स्वीकार तुम्हाला बांधतो तो पत्र पाठवणाऱ्याच्या हातातून सुटल्यावर. सही होऊन टेबलावर पडलेलं पत्र म्हणजे स्वीकार नाही. पण हाच नियम तुमच्यावर उलटू पण शकतो, कारण तेच पत्र त्यांनी ७ किंवा ८ मेला स्पीड पोस्टाने टाकलं असेल तर तुम्हाला कधी मिळालं हा प्रश्नच उरत नाही, टाकलं त्या दिवशी ते तुम्हाला बांधतं. म्हणून जावक रजिस्टर बघायलाच पाहिजे. त्यात जावक क्रमांकासमोर तारीख असते, पोस्टाने गेलं असेल तर पावती असते. माहिती अधिकारात त्या पानाची, पोस्टाच्या पावतीची आणि पाठवलेल्या मेलची प्रत मागा, फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. पाच अर्जांच्या ऐवजी हा एक अर्ज आधी केला असता तर आज आपण कोर्टाच्या कागदांवर बोलत असतो.

आणि तो ओकेवाला मेल. तो आजच शोधा, स्पॅम, ट्रॅश सगळं बघा. विभागाने व्हॅलिडिटी वाढवून मागितली असेल आणि तुम्ही ओके म्हणून मोकळे झाला असाल तर वरचा एक दिवसाचा उशीर संपला, नवी तारीख लागू. बहुतेक टेंडरमध्ये असं लिहिलेलं असतं की वाढ नाकारली तर ईएमडी परत मिळते, म्हणजे रेट वाढताना दिसत होते तेव्हा सरळ नाही म्हणायचा मोकळा मार्ग तुमच्याकडे होता. न वाचता ओके टाकणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी सवय आहे, हे मला राग येऊनच लिहावं लागतंय.

समजा एलओए मुदतीत निघालं. मग मामला कठीण आहे. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एनएचएआय विरुद्ध गंगा एंटरप्रायझेस मध्ये सांगितलं की मुदतीत बिड मागे घेतलं आणि अट तशी असेल तर जप्ती योग्य, कारण ही रक्कम बिड भरणाऱ्याने शब्द पाळावा म्हणूनच असते. तुमचा नुकसानीचा मुद्दा कैलाश नाथ विरुद्ध डीडीए या २०१५ च्या निकालातून येतो, त्यात नुकसान नसताना करारभंगाच्या भरपाईच्या कलम ७४ खाली ईएमडी ठेवता येत नाही असं आहे, पण त्याच निकालात हेही आहे की करार व्हायच्या आधी लिलावाच्या अटींखाली झालेल्या जप्तीला कलम ७४ लागत नाही. मुदतीत एलओए आल्यावर करार झाला असं धरलं तर कमी रेटने झालेलं री-टेंडर तुम्हाला मांडता येईल, चालेलच अशी खात्री मी देणार नाही.

एक गोष्ट मात्र पक्की, जप्तीच्या पत्रापासून दाव्याला ३ वर्षं आहेत, म्हणजे १० जून २०२८ च्या आत. अर्ज आणि स्मरणपत्रं दिल्याने ती मुदत एक दिवसही वाढत नाही, समोरून लेखी देणं मान्य केलं तरच वाढते. सरकारी विभागाला आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ते दोन महिने मुदतीत धरत नाहीत, पण त्याच्या भरवशावर शेवटापर्यंत थांबू नका. तारखा कागदावर स्पष्ट निघाल्या तर हायकोर्टात रिट टाकून बघण्यासारखं आहे, वाद तथ्यांचा दिसला तर कोर्ट दिवाणी दाव्याला पाठवेल, आणि आपल्याकडे तो दावा किती वर्षं चालतो हे सांगायला नको.

सहावा अर्ज देऊ नका. टेंडरचा पीडीएफ, शुद्धिपत्रकं, तो मेल आणि जावक रजिस्टरचं पान एकत्र आलं की नोटीस काढू, त्यात रेट वाढल्याचा एक शब्दही नको.