प्रिंटवाल्याला मेल: पोस्टरची साईझ आणि कलर प्रूफ

एआयने बनवलेलं पोस्टर ए3 छापायचंय, प्रेसवाल्याला मेलमध्ये काय लिहू?

सरळ एवढंच लिहा: "पोस्टर एआयने बनवलेलं आहे, फाईल पीएनजी, आरजीबी, 1024 बाय 1536 पिक्सेल. ए3 च्या 100 प्रती हव्यात. आधी त्याच मशीनवर, त्याच कागदावर एक प्रूफ काढा, मी येऊन बघून ओके दिल्यावरच बाकीच्या छापा." पिक्सेल लिहायचेच, कारण ए3 ची रुंदी 11.7 इंच, म्हणजे इंचाला जेमतेम 87 पिक्सेल पडतात आणि जवळून वाचायला 300 लागतात, त्यामुळे बारीक अक्षरं फुटणारच, मजकूर त्यांच्याकडून वेगळा टाईप करून घ्या. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नका, स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा छापताना मळकट होतो ते कागदावरच कळतं. हे डिजिटल प्रिंटचं झालं, ऑफसेटला, म्हणजे प्लेट बनवून छापतात तिथे, मशीनवरचं एक प्रूफ खूप महाग पडतं, त्यामुळे बहुतेक डिजिटल मशीनवर काढलेलं प्रूफच मिळतं आणि रंग थोडा इकडेतिकडे होतो.