साठामोजणीतला फरक मिटवण्याआधी तो फोडून पाहा

प्रश्न: «सीएच्या आर्टिकलशिपमध्ये पहिल्यांदाच वर्षअखेरच्या साठामोजणीला निरीक्षक म्हणून गेले होते. सुमारे साठ आयटमपैकी सात आयटममध्ये मोजणीपत्रक आणि टॅली यांत फरक आहे. गोदाम व्यवस्थापक म्हणतात की एकूण फरक अगदी किरकोळ आहे, मोजणीप्रमाणे टॅलीत दुरुस्ती करून विषय संपवू. मी याला हो म्हणावे का?»

नका म्हणू, निदान आज तरी नका. तुमचा प्रश्न वाचताना मला आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षातली भिवंडीची एक मोजणी आठवली. तेव्हा माझ्यासमोर हाच प्रस्ताव आला होता आणि मी त्याला संमती दिली होती. मोजणीपत्रकांना आधीच क्रमांक दिलेले असावेत, मोजणाऱ्याला पुस्तकातला आकडा दाखवू नये, नमुना-मोजणी पत्रकावरून मालाकडे आणि मालाकडून पत्रकाकडे अशी दोन्ही दिशांनी करावी, या गोष्टी तुम्हाला ठाऊक असतील असे धरून मी त्या सोडतो. त्या सर्व मी त्या दिवशी नीट केल्या होत्या आणि तरीही चुकलो होतो.

ते गोदाम पंख्यांच्या एका वितरकाचे होते, परंतु ते चालवणारी कंपनी वेगळी होती. ३१ मार्चला संध्याकाळी मालाची ये-जा थांबवून मोजणी सुरू झाली. छताच्या पंख्यांच्या एका मॉडेलचा टॅलीतील साठा १,८४० होता आणि मोजणी १,८३० निघाली. एका खोक्यात दोन पंखे असल्याने फरक पाच खोक्यांचा होता, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. वितरकाच्या हिशेबनिसांनी टॅलीत Physical Stock हे व्हाउचर टाकले आणि मी माझ्या टिपणात ‘फरक नगण्य, पुस्तकात दुरुस्त केला’ असे लिहिले. हे व्हाउचर टाकले की त्या तारखेचा साठा सरळ मोजणीच्या आकड्यावर येतो आणि पुढे साठ्याचा नुसता शिलकी आकडा पाहणाऱ्याला तिथे कधी फरक होता हे सहज कळत नाही. म्हणून कोणतीही दुरुस्ती होण्यापूर्वी टॅलीतील साठ्याचा अहवाल काढून घ्या आणि तो मोजणीपत्रकांच्या प्रतींसोबत ठेवा.

जूनमध्ये एका ग्राहकाकडून येणे-बाकीची पुष्टी आली आणि तीत १२० पंख्यांचे एक बिल नव्हते. आमच्याकडे ते ३१ मार्चच्या विक्रीत होते, तर माल ३ एप्रिलला मिळाल्याचे ग्राहकाचे म्हणणे होते. तिथून मागे जात आम्ही तो दहाचा फरक उलगडला, तेव्हा त्याच्या आत तीन निरनिराळ्या गोष्टी निघाल्या.

पहिली गोष्ट त्या १२० पंख्यांची. त्यांचे बिल ३१ मार्चला दुपारी झाले होते, त्यामुळे टॅलीतून ते वजा झाले होते. माल मात्र गाडीची वाट पाहत डिस्पॅचच्या जागेत रचून ठेवलेला होता आणि मोजणाऱ्यांनी तो इतर मालासारखाच मोजला होता. त्यामुळे मोजणी पुस्तकापेक्षा १२० ने वर गेली. दुसरी गोष्ट ९६ पंख्यांची होती. पुरवठादाराचे बिल ३० मार्चला टॅलीत चढवले होते, परंतु गाडी गोदामात पोहोचली ती २ एप्रिलला, त्यामुळे मोजणी ९६ ने खाली आली. तिसरी गोष्ट होती खरी तूट, ३४ पंख्यांची. १२० मधून ९६ आणि ३४ वजा केले की उणे १० उरतात, आणि आम्ही सर्वांनी त्या दहाकडे पाहून समाधान मानले होते.

त्या ३४ पैकी २२ पंखे शेजारच्या शेडमध्ये सापडले. ग्राहकांनी परत केलेले, पाती वाकलेले आणि खोकी फाटलेले पंखे तिथे ठेवत असत आणि त्या शेडचे एकही मोजणीपत्रक काढलेले नव्हते. उरलेले १२ शेवटपर्यंत सापडले नाहीत. फरक ३४ दिसला असता तर कुणीतरी त्याच रात्री ‘सतरा खोकी गेली कुठे?’ असे विचारले असते आणि ती शेड उघडली गेली असती. फरक दहा दिसल्याने कुणीच विचारले नाही आणि खराब झालेले २२ पंखे चांगल्या पंख्यांच्या भावाने ताळेबंदात बसण्याची वेळ आली. लेखा मानक २ प्रमाणे साठा खरेदीमूल्य आणि निव्वळ वसुलीयोग्य मूल्य यांपैकी कमी असेल त्या मूल्याने धरायचा असतो, आणि पाते वाकलेल्या पंख्याचे वसुलीयोग्य मूल्य नव्या पंख्याइतके असू शकत नाही.

म्हणून तुमच्या सातही आयटमसाठी माझा ठाम आग्रह आहे की फरकाच्या निव्वळ आकड्यावर निर्णय घेऊ नका, आणि एका आयटमची वाढ दुसऱ्याच्या तुटीतून वजा करून ‘एकूण किरकोळ’ असे तर मुळीच म्हणू नका. प्रत्येक आयटमच्या ३१ मार्चच्या आगेमागे चार-पाच दिवसांतल्या आवक-जावक नोंदी काढा आणि मोजणीपर्यंत माल आत होता की बाहेर हे प्रत्येक नोंदीपुढे लिहा. दोन सारख्या दिसणाऱ्या मॉडेलांत एकाची वाढ आणि दुसऱ्याची तूट बरोबर तितकीच असेल, तर बहुधा माल एका कोडवर आला आणि दुसऱ्या कोडवर गेला आहे. फरकाला नऊने नि:शेष भाग जात असेल तर अंक उलटसुलट लिहिले गेले का ते पाहा, आणि खोक्यातील नगांच्या संख्येतून एक वजा करून उरणाऱ्या आकड्याने भाग जात असेल तर कुणी खोकी आणि नग यांत गल्लत केली का ते तपासा. हे केवळ शोधाचे संकेत आहेत, पुरावे नव्हेत.

आता माझ्या खऱ्या चुकीकडे येतो. मोजणी सुरू होण्यापूर्वी मी शेवटच्या जीआरएनचा म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदपत्राचा, शेवटच्या विक्री बिलाचा, शेवटच्या डिलिव्हरी चलनाचा आणि गेट रजिस्टरमधील शेवटच्या नोंदीचा क्रमांक लिहून घेतला नव्हता. पाच मिनिटांचे काम होते. जूनमध्ये १२० पंखे नेमके कोणत्या दिवशी फाटकाबाहेर पडले हे सिद्ध करायला गेट रजिस्टर हवे होते, आणि ते गोदाम चालवणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात होते. तिथे पहिल्या खेपेला सांगितले की ई-मेल पाठवा. ई-मेलला उत्तर आले की मुख्य कार्यालयाची परवानगी लागेल. परवानगी आली तेव्हा सांगितले की मार्चचे रजिस्टर भरल्यामुळे ते बांधून दुसरीकडे ठेवले आहे. सहा आठवडे आणि भिवंडीच्या चार खेपा झाल्यानंतर दोन पानांच्या छायाप्रती हाती आल्या. त्या लोकांचा माझ्यावर काही रोष नव्हता, परंतु दुसऱ्याच्या ताळेबंदासाठी आपले कपाट उघडण्याची त्यांना निकड नव्हती, आणि ते मला आजही खटकते. मोजणीच्या रात्री तेच रजिस्टर फाटकाजवळच्या टेबलावर उघडे पडले होते.

तुमच्याकडेही हे क्रमांक नसतील तर पर्यायी पुरावा गोळा करता येतो. ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये वाहनाचा क्रमांक असतो आणि तो केव्हा भरला तेही दिसते. ३१ मार्चच्या बिलाचे वाहन १ एप्रिलला भरलेले असेल, तर तो माल त्या रात्री गोदामातच असण्याची दाट शक्यता आहे. त्याच्या जोडीला वाहतूकदाराची बिल्टी आणि ग्राहकाच्या शिक्क्यासह पोच मागवा.

कारण कळल्यावर कोणता आकडा दुरुस्त करायचा हे सोयीने ठरत नाही, व्यवहाराच्या अटींनी ठरते. आमच्या प्रकरणात ग्राहकाच्या दारी माल पोहोचवण्याची अट होती, त्यामुळे ३१ मार्चला विक्री पूर्ण झालीच नव्हती. विक्री मागे घेऊन १२० पंखे पुस्तकात परत आणले, तेव्हा पुस्तकाचा साठा १,९६० झाला. पुरवठादाराशी मात्र त्याच्या कारखान्यातून माल निघताच तो आपला होईल अशी अट होती आणि माल ३० मार्चला निघालेला होता, म्हणून ९६ पंखे ‘मार्गस्थ माल’ या नावाने साठ्यात राहिले आणि मोजणीचे १,८३० धरून बेरीज १,९२६ झाली. दोहोंतला फरक ३४. अटी उलट असत्या तर आकडे बदलले असते, पण तूट ३४ च राहिली असती. तुमची फोड बरोबर झाली आहे हे ओळखण्याची ही चांगली खूण आहे. विक्री मागे घेतली तरी जीएसटी विवरणात ते बिल मार्चमध्येच दिसत राहील, त्यामुळे पुस्तकातील आणि विवरणातील उलाढालीचा मेळ लिहून ठेवायला विसरू नका.

जे सापडतच नाही ते निर्लेखित करण्याचा निर्णय व्यवस्थापनाने लेखी घ्यावा आणि नोंदही त्यांनीच करावी. निरीक्षकाने ‘असे टाका’ म्हणू नये, कारण उद्या तपासणीही आपल्यालाच करायची असते. हरवलेल्या किंवा निर्लेखित मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) नुसार मिळत नाही, ते उलटवावे लागते. नेमका हाच खर्च टाळण्यासाठी तूट ‘किरकोळ’ ठरवण्याकडे कल असतो, असे माझे मत आहे. तुमच्या व्यवस्थापकांविषयी मी हे म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही.

शेवटची गोष्ट १० टक्क्यांची, कारण ती तुम्हाला कुणीतरी नक्की ऐकवेल. कंपन्यांच्या लेखापरीक्षा अहवालात काय सांगायचे हे ठरवणाऱ्या कारो २०२० या आदेशानुसार साठ्याच्या प्रत्येक वर्गात एकूण १० टक्के किंवा अधिक तफावत आढळली का आणि तिची पुस्तकांत योग्य दखल घेतली गेली का, हे अहवालात सांगावे लागते. ही मर्यादा अहवालात काय लिहायचे यासाठी आहे. तिच्याखालचा फरक शोधू नये असा तिचा अर्थ नाही. तुमच्या मुख्य लेखापरीक्षकांचे मत वेगळे असेल तर अर्थातच त्यांचे ऐका, कंपनीची कागदपत्रे त्यांच्यासमोर आहेत, माझ्यासमोर नाहीत. मात्र त्यांच्याकडे जाण्यापूर्वी उद्या सकाळी गोदामात फोन करून मार्चचे गेट रजिस्टर अजून फाटकावर आहे का ते विचारा, आणि असेल तर २८ मार्च ते ५ एप्रिलची पाने स्वतः जाऊन उतरवून आणा.