सोया मेणबत्तीचं वर्णन: भावना लिहा, पण मोजून

विक्रीसाठी लिहिलेल्या सोया मेणबत्तीच्या वर्णनाचा तुमचा मसुदा वाचला. त्यातली ‘पूर्ण धूररहित, क्षणात ताण घालवणारी’ ही ओळ आधी काढा. वात लांब राहिली की सोयाची मेणबत्तीही काजळी धरते, आणि कुणाचा ताण जाईल याची हमी आपण देऊ शकत नाही. भावना जरूर लिहा, पण ती मेणबत्ती कधी लावायची यातून येऊ द्या. लॅव्हेंडरसाठी मी असं लिहीन: ‘दिवसभराची कामं आटोपून पुस्तक उघडलंत की शेजारी लावा. वास आधी गोडसर, मग ओल्या पाल्यासारखा. लहान खोलीत छान जाणवतो, मोठ्या दिवाणखान्यात मंद राहतो.’

सर्वात जास्त थापा जळण्याच्या तासांत असतात, म्हणून ते स्वतः मोजाच. मेणबत्ती वजन करून चार तास जाळा, गार झाल्यावर पुन्हा वजन करा. समजा २० ग्रॅम घटले, तर तासाला ५ ग्रॅम. मेण १८० ग्रॅम असेल तर हिशेब ३६ तासांचा येतो. पण तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की काच तापू नये म्हणून विझवायची असते, शिवाय वेग सगळीकडे सारखा नसतो. त्यामुळे ‘सुमारे ३० तास, दर वेळी वात कापून ५ मिलिमीटर ठेवल्यास’ एवढंच लिहा. जमलं तर एक नग शेवटपर्यंत जाळून खात्री करा.

पृष्ठभागावर येणारी पांढरी बुरशीसारखी नक्षीही वर्णनातच सांगा. तो सोया मेणाचा स्वभाव आहे. आधी वाचलेलं गिऱ्हाईक त्यासाठी माल परत पाठवत नाही.